ओरडल्यावर पोरगा सुधारला? आधी वही उघडून बघा

"शाबासकी दिली की पोरं डोक्यावर बसतात. एकदा चांगलं झापलं की दुसऱ्या दिवशी बघा, सबक कसा पाण्यासारखा येतो!"

हे वाक्य आपण मकतबात ऐकलंय, शाळेत ऐकलंय आणि खरं सांगायचं तर घरात स्वतःही बोललोय. बोलणारी माणसं खोटं बोलत नसतात. उस्तादांनी वीस-वीस वर्षं मुलं शिकवलेली असतात. त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. खराब सबक ऐकवणाऱ्या मुलाला ओरडलं आणि दुसऱ्या दिवशी तो सुधारला. उत्तम ऐकवणाऱ्याला "माशाअल्लाह" म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी तो जागोजागी अटकला. एकदा नाही, शेकडो वेळा.

जे पाहिलं ते खरं आहे. पण त्यातून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. मुलगा ओरडल्यामुळे सुधारला, असं ते दिसतं. प्रत्यक्षात तो ओरडलं नसतं तरी दुसऱ्या दिवशी बराचसा सुधारलाच असता. कसं, ते एका साध्या हिशोबाने पाहू.

बारा दिवसांची वही

समजा, एक मुलगा हिफ्ज करतोय. नवा सबक बाजूला ठेवू. पाठ झालेला एक पारा तो रोज उस्तादांना ऐकवतो, म्हणजे आमुख्ता. किती ठिकाणी तो अटकला आणि उस्तादांना लुकमा द्यावा लागला, हे उस्ताद वहीत लिहितात. जुम्याची सुट्टी सोडून दोन आठवड्यांच्या बारा दिवसांची नोंद अशी आहे असं धरू:

पहिला आठवडा: ५, ७, ४, ९, ६, ५
दुसरा आठवडा: ३, ६, ७, १०, ५, ५

आता उस्तादांच्या जागी बसून ही वही वाचा. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या दिवशी फक्त ४ चुका झाल्या. उस्ताद खूश झाले, पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी ९ चुका! उस्तादांना राग आला, चांगलंच सुनावलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी चुका ६ वर आल्या. पुढच्या आठवड्यात पहिल्याच दिवशी ३ चुका, आजवरचा सगळ्यात चांगला दिवस. पुन्हा शाबासकी मिळाली आणि दुसऱ्या दिवशी ६ चुका झाल्या. मग एक दिवस १० चुका झाल्या. या वेळी कान पिरगाळला गेला. दुसऱ्या दिवशी चुका थेट ५ वर.

दोनदा शाबासकी दिली, दोन्ही वेळा मुलगा घसरला. दोनदा शिक्षा केली, दोन्ही वेळा सुधारला. याहून स्पष्ट पुरावा काय हवा?

आता आठवड्याची बेरीज करा. पहिल्या आठवड्यात सहा दिवसांच्या मिळून ३६ चुका, म्हणजे दिवसाला सरासरी ६. दुसऱ्या आठवड्यातही ३६ चुका, दिवसाला सरासरी ६. म्हणजे मुलगा जिथे होता तिथेच आहे. एवढं ओरडून, कान पिरगाळून आणि पाठ थोपटून त्याच्या पाठांतरात कणभर फरक पडलेला नाही. बदललं ते फक्त एक: उस्तादांची खात्री पक्की झाली की शिक्षा चालते आणि शाबासकी बिघडवते.

मग दुसऱ्या दिवशी चुका कमी का झाल्या?

कारण रोजच्या चुका फक्त मुलाच्या तयारीवर ठरत नाहीत. तयारी हा एक भाग झाला. तो आज आणि उद्या जवळपास सारखाच असतो. एका रात्रीत कुणाचं पाठांतर दुप्पट होत नाही की अर्धं होत नाही. दुसरा भाग त्या दिवसाचा. घरी कुणाचं लग्न होतं, रात्री उशिरा झोपला आणि फजरला उठवलं. नाक गच्च झालंय. दुसऱ्या कुठल्या पाऱ्यात सारखेच शब्द असलेली आयत आहे आणि जीभ तिकडे वळली. शेजारचा मुलगा जोरात वाचत होता. किंवा याच्या उलट, पोट भरलेलं, मन शांत, आणि काल रात्री आजीने सहज तोच पारा ऐकून घेतला होता.

सगळ्यात वाईट दिवस कधी येतो? या दुसऱ्या भागातल्या बऱ्याच गोष्टी एकाच वेळी विरोधात गेल्या की. १० चुकांच्या दिवशी बहुधा झोपही नव्हती, सर्दीही होती आणि अवघड पानही आलं होतं. उद्या पुन्हा हे सगळं एकत्र जुळून येण्याची शक्यता कमी. म्हणून उद्याचा दिवस बहुधा त्या मुलाच्या नेहमीच्या सहाच्या जवळ जाईल. तीन चुकांच्या दिवशीही तेच, फक्त उलट बाजूने. त्या दिवशी सगळं अनुकूल होतं, उद्या तसंच असेल असं नाही. म्हणून उद्या चुका वाढतील.

संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परत येणं म्हणतात. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज अभ्यासकाने १८८६ साली आईवडील आणि मुलांच्या उंचीचे आकडे मांडून ते दाखवलं. फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरी पाहिली तर आईवडिलांइतकी उंच नसतात. फार बुटक्या आईवडिलांची मुलं त्यांच्यापेक्षा थोडी उंच निघतात. तिथे कुणी कुणाला ओरडलं नव्हतं की शाबासकी दिली नव्हती. आकडे तरीही मधल्या उंचीकडे सरकले.

आता शिक्षा कधी होते ते आठवा. चांगल्या दिवशी कुणी कान पिरगाळत नाही. शिक्षा नेमकी सगळ्यात वाईट दिवशी होते, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा आपोआप खाली येणारच असतो. शाबासकी नेमकी सगळ्यात चांगल्या दिवशी मिळते, जेव्हा पुढे घसरणच व्हायची असते. त्यामुळे न केलेल्या कामाचं श्रेय शिक्षेला मिळतं आणि न केलेल्या गुन्ह्याचा ठपका शाबासकीवर येतो.

घरी करून बघा: दहा चिठ्ठ्या

यावर विश्वास बसत नसेल तर आज रात्री जेवणानंतर मुलांना घेऊन हा प्रयोग करा. कागदाच्या दहा सारख्या चिठ्ठ्या करा, त्यांवर १ ते १० आकडे लिहा आणि घडी करून वाटीत टाका. आकडा म्हणजे आजच्या चुका. एकाने चिठ्ठी काढायची, आकडा वहीत लिहायचा, चिठ्ठी परत वाटीत टाकून हलवायची आणि पुन्हा काढायची. असं पन्नास वेळा तरी करा.

नियम एवढाच: ८, ९ किंवा १० निघाला की वाटीला जोरात ओरडायचं. १, २ किंवा ३ निघाला की वाटीला शाबासकी द्यायची. मग पुढची चिठ्ठी सुधारली की बिघडली ते लिहायचं.

याचं उत्तर आधीच काढता येतं. १० नंतर पुढचा आकडा त्याहून कमी येण्याची शक्यता दहात नऊ, कारण १ ते ९ हे सगळे त्याहून लहान आहेत. ९ नंतर दहात आठ. ८ नंतर दहात सात. तिन्ही मिळून तीसपैकी चोवीस, म्हणजे शंभरात ऐंशी वेळा ओरडल्यावर वाटी "सुधारेल". दहा वेळा आकडा तोच राहील, आणि फक्त दहा वेळा बिघडेल. शाबासकीचा हिशोब बरोबर उलटा. शंभरात ऐंशी वेळा वाटी "डोक्यावर बसेल".

वाटीला कान नाहीत. तिला तुमचा राग कळत नाही, लाडही कळत नाही. तरीही ओरडण्याचा "यशाचा दर" ऐंशी टक्के निघाला. कुठलाही उस्ताद, कुठलाही बाप हा दर पाहून म्हणेल, हाच मार्ग बरोबर आहे.

अर्थात मुलगा म्हणजे वाटी नव्हे. चिठ्ठ्यांमध्ये सगळंच नशिबाचं असतं, मुलात तयारीचा भाग मोठा असतो. म्हणून मुलाचा आकडा पूर्ण सरासरीवर येतोच असं नाही, तिकडे सरकतो. पाठांतर जितकं पक्कं, तितका रोजचा चढउतार कमी आणि हा भासही कमी. नव्याने शिकणाऱ्या मुलाचे आकडे जास्त उड्या मारतात. म्हणजे ज्याला सर्वात जास्त धीराची गरज असते, त्याच्याच बाबतीत शिक्षा सर्वात जास्त "लागू पडल्यासारखी" दिसते.

वैमानिकांच्या प्रशिक्षकांचीही हीच चूक

ही चूक फक्त कमी शिकलेली माणसं करतात, असं समजू नका. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांना पुढे २००२ साली अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. त्याच्या कित्येक वर्षं आधी ते इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिकाऊ माणसाला दरडावण्यापेक्षा प्रोत्साहन दिलेलं बरं, असं ते सांगत होते. तेव्हा एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला की माझा अनुभव उलटा आहे. विमानाची अवघड कसरत छान केली म्हणून कौतुक केलं की पुढच्या वेळी तोच शिकाऊ वैमानिक चुकतो. आणि वाईट केली म्हणून झाडलं की पुढच्या वेळी सुधारतो.

हा आपल्या मकतबातलाच संवाद आहे, फक्त जागा विमानाची. काहनेमन यांनी त्याच वर्गात जमिनीवर खडूने निशाण काढलं आणि प्रत्येकाला निशाणाकडे पाठ करून दोनदा नाणं टाकायला लावलं. ज्यांचं पहिलं नाणं निशाणाच्या जवळ पडलं होतं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं लांब गेलं. ज्यांचं पहिलं लांब पडलं होतं, त्यांतल्या बहुतेकांचं दुसरं जवळ आलं. कुणी कौतुक केलं नव्हतं, कुणी झाडलं नव्हतं.

१९८५ मध्ये पॉल शॅफनर या अमेरिकी संशोधकाने हेच आणखी नेमकेपणाने तपासलं. त्याच्या प्रयोगातल्या लोकांना संगणकावर एका विद्यार्थ्याची शाळेत पोहोचण्याची वेळ दिसायची. रोज एक वेळ. त्यावर त्यांनी कौतुक करायचं, रागवायचं किंवा गप्प राहायचं. विद्यार्थी वेळेवर यावा हे त्यांचं काम. त्यांना माहीत नव्हतं की वेळा आधीच ठरलेल्या आहेत आणि त्यांनी काहीही केलं तरी त्या बदलणार नाहीत. प्रयोग संपल्यावर बहुतेकांचं मत काय झालं? कौतुकापेक्षा रागावणं जास्त उपयोगी पडलं!

या गोष्टीतला धोका लक्षात घ्या. जो शिक्षा करतो, त्याला दुसऱ्या दिवशी "फळ" मिळतं. जो कौतुक करतो, त्याच्या पदरी दुसऱ्या दिवशी निराशा येते. म्हणून चांगल्या स्वभावाचा माणूसही हळूहळू, अनुभवाने, कडक होत जातो. त्याला कुणी कडक व्हायला सांगितलेलं नसतं. आकड्यांच्या चढउतारानेच त्याला तसं शिकवलेलं असतं.

दवाखान्यातही हाच फसवा हिशोब

कंबर सगळ्यात जास्त कधी दुखते? ज्या दिवशी आपण काढा घ्यायला किंवा मालिशवाल्याकडे जातो, नेमकं त्या दिवशी. थोडं दुखत असताना कुणी जात नाही. दुखणं कळसाला पोहोचलेलं असतं, म्हणजे तिथून ते बहुधा उतरणारच असतं. आठवड्याने बरं वाटलं की श्रेय काढ्याला.

बीपीचं तसंच. शिबिरात एकदा १६० निघालं आणि पुढच्या आठवड्यात १४५, तर मधे खाल्लेल्या लसणानेच ते उतरलं असं म्हणता येत नाही. बीपी तासातासाला हलतं. म्हणूनच डॉक्टर सहसा एका मोजणीवर निदान करत नाहीत, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजतात. आणि म्हणूनच औषधाची चाचणी घेताना तशाच आजारी लोकांचा दुसरा गट ठेवतात, ज्याला ते औषध देत नाहीत. दुसरा गटही आपोआप थोडा बरा होतो. औषधाचा खरा गुण म्हणजे त्या दोन गटांतला फरक. कुणाच्या तरी "मला गुण आला" या एका अनुभवावर बीपीची चालू गोळी बंद करणं म्हणूनच धोक्याचं.

मग कळायचं कसं?

मुलाच्या बाबतीत दुसरा गट कुठून आणणार? तरीही घरच्या घरी, मकतबात, दोन गोष्टी करता येतात.

पहिली, काल आणि आजची तुलना सोडा, आठवड्याची सरासरी बघा. वर वहीत आपण तेच केलं. एका दिवसाचा आकडा उड्या मारतो, सहा दिवसांची सरासरी खूपच स्थिर असते. नवीन पद्धत सुरू करायची असेल, म्हणजे समजा मगरिबनंतर अर्धा तास जुना पारा घ्यायचा, तर आधीच्या तीन-चार आठवड्यांची आणि नंतरच्या तीन-चार आठवड्यांची सरासरी लावून बघा. मात्र ती पद्धत एखाद्या फार वाईट आठवड्याच्या रागात सुरू करू नका. तसं केलं तर तोच भास पुन्हा होईल. तारीख आधी ठरवा, महिन्याची एक तारीख म्हणा, आणि त्या दिवशी सुरू करा.

दुसरी, वाईट दिवसांची आपसात तुलना करा. पुढच्या महिन्यात जितके वाईट दिवस येतील, त्या प्रत्येक दिवशी आवाज न चढवता फक्त एवढंच म्हणा: "काही हरकत नाही बेटा, उद्या बघू." आणि दुसऱ्या दिवसाचा आकडा लिहा. आधीच्या महिन्यात ओरडल्यानंतर जशी सुधारणा दिसत होती, तशीच न ओरडताही दिसली, तर ती सुधारणा ओरडण्याची नव्हती.

इथे एक खबरदारी हवी. प्रत्येक घसरण "होईल आपोआप ठीक" म्हणून सोडून द्यायची नाही. सरासरीच सरकत असेल, पहिल्या आठवड्यात ६, मग ८, मग ९, तर ते एका वाईट दिवसाचं काम नाही. तिथे खरोखर काहीतरी बदललंय. डोळ्यांना चष्मा लागला असेल, नवा सबक झेपत नसेल, शाळेचा अभ्यास वाढला असेल, घरात काही चाललं असेल, किंवा मुलगा कुणाला घाबरत असेल. अशा वेळी मुलाशी बोला, उस्तादांशी बोला, डोळे तपासा. एकटा वाईट दिवस आणि सतत खाली जाणारे आठवडे यांत फरक करता येणं, हाच वहीचा खरा उपयोग.

आणि हेही स्पष्ट करू: या हिशोबाने शिक्षेचा कधीच काही परिणाम होत नाही असं सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते एवढंच की "ओरडलो आणि दुसऱ्या दिवशी सुधारला" हा पुरावा नाही. असा अनुभव वाटीलाही ओरडून मिळतो.

आपल्याकडे मुलांशी नरमाईने वागायची शिकवण नवी नाही. हजरत अनस (रजि.) यांनी लहानपणापासून दहा वर्षं प्यारे नबी (स.) यांची खिदमत केली. या काळात नबींनी आपल्याला कधी 'उफ'सुद्धा म्हटलं नाही, असं त्यांनी सांगितल्याचं बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. पण ऐकून झाल्यावर मनात कुठेतरी येतं, "ते खरं, पण आपला अनुभव सांगतो की पोरं मारल्याशिवाय शिकत नाहीत." त्या अनुभवाचा हिशोब वर मांडला आहे.

पुढच्या वेळी मुलगा दहा ठिकाणी अटकेल, तेव्हा वहीत १० लिहा, तारीख टाका आणि त्याला झोपायला पाठवा. उद्याचा आकडा उद्या लिहू.